साहेबांचा मेसेज अन् काकूची नोटीस

"काकू, वाचा हे!" कुंपणापलीकडून शेजारच्या सूनबाईने मोबाइल पुढे केला. वर्ध्याला एका खासगी कचेरीत ती कामाला. आंजीहून रोज आर्वी रोडने जाणं-येणं.

साहेबांनी गटावर टाकलं होतं : उद्यापासून साडेनऊला हजर. जीन्स बंद. जमत नसेल त्यांनी घरी बसावं.

"आता मलेच म्हन्तात, नीट नोटीस करून दे. सारे फुगून बसले हायेत."

मी पंचायत समितीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झाले. कागद दिसला की हात शिवशिवतात.

"दहाची साडेनऊ काहून केली?"

"खेड्यातले लोक सकाळच्या गाडीनं येतात, दारात बसून राह्यतात."

"अन् सुटी कधी?"

"पावनेसहाची सव्वापाच केली ना."

"अवो बाई, हे मेसेजमध्ये कुठी हाय? लोकाइले वाटलं, अर्धा तास फुकटात गेला!"

२०२० सालची सरकारी गोष्ट मी तिला सांगितली. २९ फेब्रुवारीपासून पाच दिवसांचा आठवडा झाला, तेव्हा वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. दिवसाचं काम सव्वासात तासांवरून आठ तासांवर गेलं. पण सोबत हिशेबही मांडला होता : वर्षाचे कामाचे दिवस २८८चे २६४ होतील, तास मात्र २०८८चे २११२. म्हणजे चोवीस दिवस कमी, चोवीस तास जास्त. काय देतो नि काय घेतो, ते कागदावरच होतं.

"अन् जीन्सचं?"

"कारण काय सांगतात साहेब?"

"शिस्त."

"हे कारन नोहे, धाक हाय. त्याच वर्षी डिसेंबरात सरकारनं जीन्स-टीशर्ट बंद केले. जनमानसात प्रतिमा खराब होते, हे कारनही लिहिलं होतं. तरी पुढच्या मार्चात जीन्सवरची बंदी उठवाच लागली. तुह्या साहेबापाशी तर तेवढंही नाही. ते वाक्य काढ."

मग कुंपणावरच कागद ठेवून लिहिलं :

"बाहेरगावचे ग्राहक सकाळी लवकर येऊन थांबतात, म्हणून येत्या एक तारखेपासून कार्यालयाची वेळ ९.३० ते ५.१५ राहील. एकूण तास पूर्वीइतकेच आहेत. गाडीची किंवा घरची अडचण असल्यास पंचवीस तारखेपर्यंत लेखी कळवावे; त्यांची वेळ वेगळी ठरवता येईल. महिन्याभराने सर्वांशी बोलून फेरविचार करू."

"घरी बसावं, ते नाही घेतलं?"

"अडचन असली तं कोनाले सांगाव, ते लिहिलं. धमकीची जागा तेवढ्यानं भरते. पन थांब. एक तारीख, वेगळी वेळ अन् फेरविचार हे आपन आपल्या मनानं घातलं. साहेब कबूल असन तंच ठेव, नाही तं खोड. अन् सही घेतल्याबिगर गटावर टाकू नको."