पूर्वाभिमुख सदनिकेची खरी जाहिरात: एक विधी

फ्लॅट विकायला काढला की जाहिरातीत पहिला शब्द ‘पूर्वाभिमुख’ हाच पडतो. किंमत, मजला, पार्किंग, सगळं त्याच्या मागून. त्याच्या लगेच पुढे ‘संपूर्ण वास्तुशास्त्रानुसार’, त्याच्या पुढे ‘भरपूर उजेड, वारा आणि सकारात्मक ऊर्जा’. ही सवय मोडून जे आहे तेवढंच लिहायचं, असा काही विक्षिप्त निश्चय कोणी केलाच असेल तर त्याच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरणाला पुण्यातल्या रिसेलच्या एका काल्पनिक टू बीएचकेचा नकाशा घेऊ. दुसरा मजला, प्रवेशद्वार पूर्वेच्या भिंतीत, दारासमोर लॉबी आणि लिफ्ट. हॉल आणि बाल्कनी पश्चिमेला, स्वयंपाकघर आग्नेयेला, आणि ईशान्य कोपऱ्यात (विकणाऱ्याने इथे थोडा वेळ डोळे मिटून घ्यावेत) कॉमन संडास-बाथरूम.

सुरुवात शब्दापासूनच करावी लागेल, कारण ‘पूर्वाभिमुख’ म्हणजे नेमकं कोणाचं मुख हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. वास्तूच्या प्रचलित व्यवहारात घराची दिशा दारावरून ठरते: घरात उभं राहून उंबरठ्याबाहेर तोंड केलं की समोर जी दिशा येते ती. गिऱ्हाईक मात्र हा शब्द बाल्कनीला लावून वाचतं, आणि एजंट तो अख्ख्या बिल्डिंगलाही लावतो. आपल्या नमुन्यातलं दार पूर्वेला उघडतं हे खरं, पण ते ट्यूबलाइटच्या उजेडात, लिफ्टच्या तोंडावर उघडतं. त्या दाराला सूर्याचं दर्शन घडवायचं तर लिफ्टची भिंत पाडावी लागेल आणि सोसायटी त्याला ना हरकत दाखला देणार नाही. म्हणून पहिला नियम असा: ‘पूर्वाभिमुख’ हा शब्द एकट्याने वापरू नये, त्याच्या शेजारी नाम बसवावं. ‘प्रवेशद्वार पूर्वेला, लॉबीत उघडते, हॉल व बाल्कनी पश्चिमेला.’ यात दहा शब्दही लागत नाहीत, आणि रविवारी सकाळी ऊन बघायला आलेलं कुटुंब हॉलमध्ये उभं राहून ‘मग पूर्व कुठाय?’ असं विचारत नाही.

दुसरं काम मोजण्याचं. मोबाइलमधलं होकायंत्र उघडून दाराशी उभं राहणं ही सर्वमान्य पद्धत, आणि चुकण्याची खात्रीची पद्धतही तीच. दाराशी लोखंडी सेफ्टी डोअर असतं, शेजारी लिफ्टची यंत्रणा, पायाखाली स्लॅबमधल्या सळ्या, आणि फोनच्या फ्लिप कव्हरला चक्क लोहचुंबक. एवढ्या गोतावळ्यात सुई बिचारी ज्याचा जोर जास्त त्याच्याकडे बघते. दोन पावलं सरकल्यावर आकडा वीस-तीस अंशांनी हलला तर समजावं की दिशा बदललेली नाही, लोखंड जवळ आलंय. उपाय साधा आहे. कव्हर काढावं, भिंतीपासून आणि दारापासून लांब, दोन-तीन खोल्यांच्या मध्यावर, दाराच्या भिंतीला काटकोनात फोन धरून आकडे घ्यावेत, आणि मग उपग्रह नकाशा उत्तर वर ठेवून उघडावा. नकाशात बिल्डिंगच्या भिंतींची रेघ दिसते. तिला लोखंडाची बाधा नाही. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक पुण्यात एक अंशापेक्षाही कमी आहे, त्यामुळे त्या शास्त्रीय शंकेत वेळ घालवायचं कारण नाही. समजा, नकाशावरून दाराची दिशा 104 अंश निघाली. शुद्ध पूर्व 90. दिशा आठच मानल्या तर पूर्वेचा पट्टा साडेसदुसष्ट ते एकशे साडेबारा, म्हणजे 67.5 ते 112.5 अंशांचा, त्यात हे दार आरामात बसतं. पण हल्लीचे बरेच वास्तुसल्लागार सोळा दिशा धरतात. त्या हिशेबात पूर्व 101.25 ला संपते आणि हेच दार पूर्व-आग्नेय होतं. दार जागचं हललेलं नाही, मोजणाऱ्याची पट्टी बदलली. जाहिरातीत म्हणून पट्टी सांगू नये, आकडा सांगावा: 104 अंश.

आता उन्हाकडे. ‘सकाळचं कोवळं ऊन’ हा या साहित्यप्रकारातला सर्वांत लाडका वाक्प्रयोग आहे, आणि त्याची परीक्षा शाळेतल्या भूमितीत होते. आपल्या फ्लॅटला पूर्वेची बाहेरची खिडकी एकच, स्वयंपाकघराची. तिच्यासमोर शेजारच्या सोसायटीची बिल्डिंग. दोन्हींमधलं अंतर 15 मीटर धरू, आणि समोरच्या बिल्डिंगचा माथा खिडकीच्या पातळीपासून 15 मीटर वर. म्हणजे सूर्य क्षितिजापासून सुमारे 45 अंश चढला की मगच खिडकीला दिसणार. मार्चच्या 21 तारखेच्या आसपास पुण्यात सूर्य साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान उगवतो आणि तेवढा चढायला त्याला तीन तासांहून जास्त लागतात. म्हणजे खिडकीत ऊन पोचतं पावणेदहा ते दहाच्या सुमाराला. तोवर पोरं शाळेत, डबे ऑफिसात, आणि ऊन कोवळं राहिलेलं नाही. त्यात सूर्य रोज ठीक पूर्वेला उगवत नाही. पुण्याच्या अक्षांशावर जूनअखेरीस तो शुद्ध पूर्वेच्या सुमारे 25 अंश उत्तरेला, तर डिसेंबरअखेरीस तेवढाच दक्षिणेला उगवतो. समोरची बिल्डिंग अरुंद असेल तर एखाद्या मोसमात तिच्या कडेने लवकर ऊन येईल, रुंद असेल तर नाही. हे गणित करायचा कंटाळा असेल तर एका रविवारी सकाळी ओट्याशी उभं राहून ऊन कधी आलं ती वेळ कागदावर टिपावी आणि जाहिरातीत तारखेसह छापावी. बाल्कनीला दुपारनंतर पश्चिमेचं ऊन येतं आणि जुलैत वाऱ्याबरोबर पाऊस आत येतो, हेही त्याच ओळीत सांगून टाकावं. पश्चिमेचा वारा ‘हवेशीर’मध्ये मोजायचा आणि पश्चिमेचा पाऊस मोजायचा नाही, हा हिशेब चालायचा नाही.

इथवर सगळं सोपं होतं, कारण सूर्य वादविवाद करत नाही. खरी अडचण ‘वास्तू’ या शब्दापाशी आहे. इथे सुशिक्षित विक्रेता हमखास एक आक्षेप घेतो: वास्तूचे परिणाम सिद्धच होत नाहीत, मग त्याबद्दल खरं काय आणि खोटं काय? थोडं वाढवून लिहिलं तर बिघडलं कुठे? हा आक्षेप दिसतो तेवढा बळकट नाही. परिणाम सिद्ध होत नाहीत म्हणूनच परिणाम लिहू नयेत. पण स्वयंपाकघर आग्नेयेला आहे की नाही हे मानणाऱ्यालाही तपासता येतं आणि न मानणाऱ्यालाही. जागा लिहावी, फळ लिहू नये. ‘आग्नेयेला स्वयंपाकघर, स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला’ हे विधान आहे. ‘गृहलक्ष्मीला आरोग्य’ हा आशीर्वाद आहे आणि तो द्यायचा अधिकार विक्रेत्याला कोणी दिलेला नाही.

शिवाय ‘पूर्वेचं दार म्हणजे शुभच’ हे खुद्द शास्त्राच्या अंगानेही खरं नाही, आणि हे फार कमी जाहिरातदारांना ठाऊक असतं. वराहमिहिराने सहाव्या शतकात लिहिलेल्या ‘बृहत्संहिते’त वास्तूचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात पूर्वेच्या बाजूला ईशान्येकडून क्रमाने शिखी, पर्जन्य, जयंत, इंद्र, सूर्य, सत्य, भृश आणि अंतरिक्ष अशी आठ पदं येतात आणि प्रत्येक पदावरच्या दाराला वेगळं फळ सांगितलंय. जयंताच्या दाराला विपुल धन, इंद्राच्या दाराला राजाची मर्जी. बाकीच्या सहांची यादी मात्र वाचवत नाही. आगीचं भय, क्रोध, क्रौर्य, चोरी, शिवाय मुली होणं हेही, कारण त्या काळी तेही संकटात धरलं जाई. आता आपल्या फ्लॅटची पूर्वेची भिंत 27 फूट आहे असं समजू. 81 पदांच्या मंडलात प्रत्येक बाजूचे नऊ भाग होतात, म्हणजे एकेक भाग तीन फुटांचा. आपलं दार ईशान्य कोपऱ्यापासून 15 फुटांवर सुरू होतं आणि 18 वर संपतं, म्हणजे नेमकं सहाव्या भागात, सत्याच्या पदावर. वराहमिहिराने सत्याच्या पदावरच्या दाराचं फळ दिलंय: असत्य. म्हणजे या घराची जाहिरात खोटी निघाली तर निदान शास्त्र तरी खोटं ठरणार नाही. भिंतीची लांबी न मोजता घराच्या मध्यातून अंश मोजणारा सल्लागार कदाचित वेगळंच पद काढील, म्हणून पदाचं नावही जाहिरातीत घालू नये. दार कोपऱ्यापासून किती फुटांवर आहे ते लिहावं. ज्याला गरज आहे तो आपल्या पद्धतीने भागाकार करून घेईल.

राहिला ईशान्येचा संडास. ‘बाकी सगळे हेच करतात, हे आपणच का सांगायचं?’ हा दुसरा आक्षेप, आणि तो जास्त मनापासूनचा असतो. शिवाय कायदाही इथे फारसा आड येत नाही. 2016 च्या रेरा कायद्याचं बारावं कलम खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई देतं, पण ते बिल्डरसाठी आहे, स्वतःचा राहता फ्लॅट विकणाऱ्यासाठी नाही. तरी हिशेब करून पाहावा. वास्तू न मानणाऱ्याला संडास कुठल्या कोपऱ्यात आहे याचं सोयरसुतक नसतं. तो नळाला प्रेशर आहे का ते बघतो. वास्तू मानणारा मात्र टोकन देण्याआधी नकाशा मागतो किंवा सल्लागाराला घेऊन येतो, आणि ईशान्य हा सल्लागार सर्वांत आधी बघतो तो कोपरा. म्हणजे ही गोष्ट ज्याच्यापासून लपवायची तोच ती शोधायला येणार. लपवून मिळतात त्या फक्त चकरा: दोन शनिवार, चार कप चहा, आणि जाताना ‘कळवतो’. ‘संपूर्ण वास्तुशास्त्रानुसार’ असं छापलेलं असलं की त्या ‘कळवतो’नंतर भाव पाडायचं कारणही आपणच हातात दिलेलं असतं. संकेतस्थळाच्या फॉर्ममध्ये दिशेच्या रकान्यात एकच पर्याय निवडता येतो हे खरं. तिथे ‘East’ निवडावं आणि बाकीचं वर्णनाच्या चौकटीत उतरवावं. ती चौकट रिकामी सोडायला दिलेली नसते.

तर या विधीनंतर जाहिरात साधारण अशी उतरते:

‘दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके, रिसेल. प्रवेशद्वार पूर्वेला (नकाशावरून 104 अंश), ईशान्य कोपऱ्यापासून 15 फुटांवर, लॉबीत लिफ्टसमोर. हॉल व बाल्कनी पश्चिमेला. दुपारनंतर ऊन, पावसाळ्यात पाऊस आत येतो. स्वयंपाकघर आग्नेयेला, ओट्याशी तोंड पूर्वेला; मार्चमध्ये खिडकीत ऊन सुमारे दहाला. कॉमन संडास-बाथरूम ईशान्येला. क्षेत्रफळ कार्पेटनुसार, नकाशा सोबत जोडला आहे. वास्तुतज्ज्ञ आणल्यास हरकत नाही. मोजताना सेफ्टी डोअरपासून लांब उभे राहावे.’