कितीपैकी किती?

२६ ऑक्टोबर २०१५ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेकन, सॉसेज, सलामी यांसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. दहा देशांतल्या २२ तज्ज्ञांनी आठशेहून जास्त अभ्यास तपासून काढलेला तो निष्कर्ष होता. पण बातम्यांत तो उतरला असा: बेकन सिगारेटइतकेच घातक.

ही बातमी दुरुस्त करायला बसलो, तर पहिला शब्द खोडायचा तो ‘इतकेच’. संस्थेने प्रक्रिया केलेले मांस आणि तंबाखू एकाच गटात टाकले हे खरे. पण ते गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतात, धोका किती मोठा आहे हे नाही. उन्हाचे किरणही त्याच गटात आहेत. तंबाखूमुळे जगात वर्षाला सुमारे १० लाख लोक कर्करोगाने दगावतात, तर प्रक्रिया केलेले मांस भरपूर खाण्यामुळे सुमारे ३४ हजार, असे अंदाज संस्थेनेच तेव्हा दिले होते.

दुसरी दुरुस्ती आकड्याची. ‘रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो.’ वाक्य बरोबर आहे, तरी वाचणारा समजतो की शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होणार. म्हणून मूळ धोका शेजारी लिहावाच लागतो. ब्रिटनमधला हिशेब असा: हे मांस सर्वांत कमी खाणाऱ्या हजार जणांपैकी ५६ जणांना आयुष्यात कधीतरी हा कर्करोग होतो, सर्वांत जास्त खाणाऱ्या हजारांपैकी ६६ जणांना. छप्पनावर दहा म्हणजे जवळपास अठरा टक्केच. पण हजारात दहा जण जास्त, हे वाचकाला कळते. हा हिशेब ब्रिटनचा आहे, हेही लिहायचे. आपल्याकडे मूळ धोका वेगळा, त्यामुळे वाढही वेगळी.

तिसरी दुरुस्ती क्रियापदाची, आणि इथे उलट्या बाजूनेही चूक होते. प्रक्रिया केलेल्या मांसाबाबत पुरावा पुरेसा ठरला, तेव्हा ‘कर्करोग होतो’ असेच लिहायचे. तिथे ‘होऊ शकतो म्हणे’ लिहिणे ही लपवाछपवी. साध्या लाल मांसाला मात्र संस्थेने ‘बहुधा’च्या गटात ठेवले. तिथे ‘होत असावा’ यापुढे जायचे नाही.

मग बातमी अशी होते: ‘प्रक्रिया केलेल्या मांसामुळे आतड्याचा कर्करोग होतो, याचा पुरेसा पुरावा, रोजच्या दर ५० ग्रॅममागे धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ब्रिटनमध्ये सर्वांत कमी खाणाऱ्या हजारांत ५६ रुग्ण, सर्वांत जास्त खाणाऱ्या हजारांत ६६.’ मथळा लांबला, पण त्यातला प्रत्येक शब्द पुराव्यावर उभा आहे.

टक्केवारीची बातमी दिसली की आधी विचारा: कितीपैकी किती? उत्तर बातमीत नसेल, तर ती बातमी अर्धीच लिहिलेली आहे.