शीर्षक वाचलंत का?

सोसायटीच्या दिवाळी पहाटेचं पोस्टर ग्रुपवर आलं. फोटो एआयनं काढलेला. शंभरेक आकाशकंदील, पणत्यांच्या रांगा, झेंडूच्या माळा, रांगोळी. डोळे दिपले. कार्यक्रम कधी आहे, ते मात्र कुणालाच कळलं नाही.

शीर्षक होतं की. पांढऱ्या अक्षरांत, बरोब्बर पिवळ्याधमक कंदिलांवर.

पहिली सूचना लगेच आली, ‘अक्षर मोठं करा.’ केलं. आता मोठ्या अक्षरात काही वाचता येत नव्हतं.

दुसरी सूचना फ्लेक्सवाल्याची. अक्षराला लाल किनार, तिच्याबाहेर पिवळी, तिच्याबाहेर पांढरी. देवनागरीत हा उपाय विशेष भारी पडतो, कारण जाड किनार ‘ध’ आणि ‘घ’ची पोटं बुजवते आणि वेलांटी शेजारच्या मात्रेला जाऊन चिकटते. पहाटेचा पहाड झाला तरी कोण बघतोय?

दुखणं आकारात नव्हतंच. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर मोजता येतं. काळ्यावर पांढरं म्हणजे 21, पांढऱ्यावर पांढरं म्हणजे 1. वेबसाठीचे सुगम्यतेचे निकष नेहमीच्या मजकुराला किमान 4.5 मागतात, मोठ्या ठळक अक्षरांना 3. शुद्ध पिवळ्यावर पांढरं? 1.07.

म्हणजे आपण शीर्षक लिहिलं नव्हतं, लपवलं होतं.

मग कुणीतरी ग्रेडियंट सुचवला. खालून वर विरत जाणारी काळी सावली. शहाणा माणूस! सावली टाकली, तळाशी गडद आणि वर जाता जाता नाहीशी. शीर्षकाची खालची ओळ झकास दिसू लागली. वरची ओळ मात्र, जिच्यात ‘दिवाळी पहाट’ होतं, सावली संपत आली होती तिथेच बसली होती.

हीच चूक दहातले नऊ जण करतात. (दहा हा आकडा माझा. नऊ जणांत मीही होतो.)

हिशेब सोपा आहे. मागे अगदी पांढराशुभ्र ठिपका असेल आणि अक्षरही पांढरं हवं असेल, तर 4.5 गाठायला त्यावर साधारण 54 टक्के काळं लागतं. 3 वर भागवायचं तर 42. हा जोर तळाशी असून काय उपयोग? तो वरच्या ओळीच्या सर्वांत उंच मात्रेपर्यंत, रफारापर्यंत टिकला पाहिजे. विरणं त्याच्या वर सुरू व्हावं, तेही ऐसपैस. शीर्षकाच्या उंचीएवढी जागा तरी त्याला द्यावी. घाईनं विरलेली सावली सावली वाटत नाही, काळी फळी वाटते.

आणि काळंच कशाला? फोटोतल्याच रात्रीचा गडद निळा उचलला की सावली चित्रातलीच वाटते. फक्त निळा काळ्याइतका गडद नसतो, तेव्हा टक्का थोडा वाढवून पुन्हा मोजायचं. मोजायचं ते सरासरीवर नाही, अक्षरामागच्या सर्वांत उजळ ठिपक्यावर. सरासरीत पणती हरवते, वाचताना ती नेमकी काना खाते.

पण 54 टक्के काळं ओतल्यावर दिवाळीची अमावास्या झाली, त्याचं काय?

झालीच. कारण जागेचा विचार फोटो काढून झाल्यावर सुचला. यंत्राला जागा आधीच मागायची असते. ‘खालचा एक तृतीयांश भाग अंधारा दगडी ओटा, धूसर, कंदील फक्त वर’. ‘खाली पणत्या नकोत’ असं मात्र लिहू नये. ही यंत्रं अनेकदा ‘नकोत’ विसरतात आणि ‘पणत्या’ लक्षात ठेवतात. घरोघरी हाच अनुभव.

आम्ही फोटो नव्यानं मागवला. ओटा आपसूक अंधारा आला, त्यावर हलकी सावली पुरली. कंदील जागच्या जागी झगमगत राहिले. एका दुकानाच्या पाटीवर यंत्रानं अगम्य लिपीत काहीतरी लिहून ठेवलं होतं, तेही पुसलं. शीर्षकाशी स्पर्धा करायला खोटी अक्षरं कशाला?

वाचता येतं का, हे बनवणाऱ्यानं ठरवू नये. त्याला शीर्षक पाठ असतं. पोस्टर अंगठ्याएवढं करून, रंग काढून, कार्यक्रमच माहीत नसलेल्या माणसाला दाखवावं. आम्ही ते वॉचमनकाकांना दाखवलं. त्यांनी तारीख, वेळ, गच्ची, सगळं घडाघडा वाचलं.

पोस्टर पक्कं झालं. ग्रुपवर टाकलं. दोन मिनिटांत सेक्रेटरींचा निरोप आला, ‘छान! खाली बरीच जागा रिकामी दिसतेय. कमिटीचे अकरा फोटो तिथे बसतील.’