शुगर फ्री, पण गूळ भरपूर

थंडी पडली की मिठाईच्या दुकानात पाटी लागते : ‘शुगर फ्री डिंकाचे लाडू, गुळातले!’ मधुमेही आजोबा चष्मा सारून ती वाचतात आणि निर्धास्तपणे अर्धा किलो बांधून घेतात. कायद्याने ‘शुगर फ्री’ म्हणायला 100 ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर चालत नाही. गूळ तर बहुतांशी साखरच. साखर शंभर ग्रॅमला चारशेच्या आसपास कॅलरी देते, गूळ जेमतेम थोड्या कमी. लोह असतं म्हणावं, तर ते पुरेसं मिळेपर्यंत साखरेचा डोंगर पोटात गेलेला.

चाळीस ग्रॅमच्या लाडवात बारा ग्रॅम तूप धरा, बारा ग्रॅम गूळ, बाकी खारीक, खोबरं, बदाम, तळलेला डिंक. तुपाच्याच शंभरावर कॅलरी. सगळं मिळून सव्वादोनशेच्या घरात. खारकेची साखर आणखी वेगळी, तिला कोणी पाटीवर घेत नाही.

मालक, पाटी अशी रंगवा : ‘साजूक तुपातले, गुळाचे, भरपूर गोड. एका लाडवात सुमारे सव्वादोनशे कॅलरी. मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारा.’ खप कमी होईल म्हणता? बाळंतिणीसाठी न्यायला आलेली आजी पाटी वाचतच नाही, ती आधी तुपाचा वास घेते.