बोंबा – १ नग

आमच्या वाळूजच्या कारखान्यात मला स्पॅनिश येतं अशी एक अफवा आहे. ती मीच बायोडेटात लिहिली होती. पुण्यात असताना हौसेने दोन लेव्हल केल्या होत्या. तेवढ्यावर स्पेनमध्ये कॉफी मागवता येते, स्टेशन कुठे आहे ते विचारता येतं. गळक्या पंपावर पत्रव्यवहार करावा लागेल, असं त्या वर्गात कोणी बोललं नव्हतं.

आमच्याकडे एक स्पॅनिश हायड्रॉलिक प्रेस आहे. जुलैअखेर तिचा पंप गळायला लागला. व्हिडिओ काढून सप्लायरला पाठवला. एरवी त्यांचं उत्तर इंग्रजीत येतं, पण इंग्रजी लिहिणाऱ्या बाई रजेवर गेलेल्या. ऑगस्टमध्ये तिकडचे बरेच कारखाने बंद असतात; तो त्यांचा पितृपक्ष. जाता जाता कोणीतरी चार ओळी स्पॅनिशमध्ये टाकल्या होत्या. साहेबांनी प्रिंट माझ्या टेबलावर ठेवली. "चार वाजता प्लॅनिंगची मीटिंग आहे. तोवर इंग्रजी करून दे." साहेब मराठी, मी मराठी, प्लॅनिंगवाले मराठी. पण कागद पुढे हेड ऑफिसला जातो, म्हणून इंग्रजी.

पहिलंच तांत्रिक वाक्य होतं: ला बोम्बा पिएर्दे पोर ला हुन्ता. यातला 'हुन्ता' लिहितात जे अक्षराने, म्हणून डोळ्यांना तो 'जुंटा' दिसतो. शब्दाला शब्द ठेवत मी इंग्रजी केलं, त्याचा अर्थ निघाला: जनतेमुळे बाँब हरतो. निवडणुकीच्या वर्षात हे वाक्य अग्रलेखात खपलं असतं. पण बोम्बा म्हणजे बाँब तसा पंपही. पिएर्दे म्हणजे हरणं, हरवणं आणि गळणंही. आणि हुन्ता म्हणजे मीटिंग, मंडळ, आणि दोन भागांच्या सांध्यात बसवतात ते गॅस्केट. पंप गॅस्केटमधून गळतोय, एवढंच त्या बिचाऱ्याला म्हणायचं होतं.

हे पाच मिनिटांत सुटलं, कारण वाक्य उघड वेड्यासारखं होतं. वेडं वाक्य स्वतःच हात वर करतं. वरची ओळ 'लामेन्तामोस लास मोलेस्तियास' हीसुद्धा तशीच. तिचं सरळ इंग्रजी झालं असतं, 'झालेल्या विनयभंगाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' हा कागद एचआरच्या मॅडमच्या हाती पडला असता, तर पंपाआधी अंतर्गत समिती बसली असती. मोलेस्तिया म्हणजे नुसती तसदी.

घात केला तो शहाण्या दिसणाऱ्या शब्दांनी. पुढचं वाक्य होतं: आक्तुआलमेन्ते तो पंप आमच्याकडे नाही, एव्हेन्तुआलमेन्ते सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाठवू शकू, सिन कोम्प्रोमीसो. मी झरझर इंग्रजी केलं: अ‍ॅक्च्युअली पंप नाही, इव्हेंच्युअली सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाठवू, विदाउट कॉम्प्रोमाइज. झकास वाक्य. कुठे अडखळत नाही. चारच्या मीटिंगमध्ये बोर्डावर लागलं: प्रेस, १५ सप्टेंबरपासून दोन शिफ्ट.

संध्याकाळी कंपनीच्या बसने सिडकोकडे निघालो. छावणी मागे पडली आणि बाबा पेट्रोल पंपाच्या चौकात बस सिग्नलला थांबली. पंप ही अक्षरं डोळ्यांपुढे आली आणि एक गोष्ट टोचायला लागली. मूळ वाक्यात 'पाठवू शकू' होतं, 'पोद्रीआमोस'. माझ्या इंग्रजीत 'पाठवू' कसं झालं? ते मीच बदललं होतं. कारण इंग्रजीत 'इव्हेंच्युअली' म्हटलं की उशिरा का होईना, पण होणारच. त्याच्या शेजारी 'शकू' बसेना, म्हणून मी 'शकू'ला उठवून दिलं. पंगतीत अनोळखी पाहुणा यावा आणि आपण घरच्या माणसाला पाटावरून उठवावं, तसं.

स्पॅनिशमध्ये एव्हेन्तुआलमेन्ते म्हणजे 'जमलंच तर'. आक्तुआलमेन्ते म्हणजे 'सध्या'. आणि कोम्प्रोमीसो म्हणजे बांधिलकी, दिलेला शब्द. म्हणजे माणूस सांगत होता: सध्या नाही, जमलंच तर सप्टेंबरात बघू, पण शब्द देत नाही. आणि मी शब्द देऊन, त्यावर दोन शिफ्ट लावून बसलो होतो.

अशा शब्दांना फसवे मित्र म्हणतात. १९२८ साली दोन फ्रेंच माणसांनी इंग्रजीतल्या असल्या दगाबाज शब्दांवर पुस्तक लिहिलं, तिथून हे नाव रूढ झालं. अशा जोडीतल्या दोन्ही शब्दांची आजी लॅटिन, पण संसार वेगळे. आपल्याला हे नवीन नाही. मागे बिहारचा एक ट्रेनी पोरगा आमच्या फोरमनला अदबीने म्हणाला, "सर, पूरी चेष्टा करूँगा." फोरमन आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन कबूल केलं. साहेब रागावले नाहीत, कारण त्यांना त्याच कागदात आनंदाची जागा सापडली होती. शेवटच्या 'ले रुएगो'चं इंग्रजी मी डिक्शनरीप्रमाणे 'आय बेग यू टू कन्फर्म' केलं होतं. साहेब म्हणाले, "अरे, हा गयावया करतोय. अडलाय. दहा टक्के डिस्काउंट माग." शिवाय किंमत होती १.२५०,०० युरो. तिकडे हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम. साहेबांना आधी वाटलं, पंप सव्वा युरोला. आता त्यातही दहा टक्के!

मी म्हणालो, "साहेब, तुमचे आजोबा पत्रावर काय लिहायचे?"

"सा.न.वि.वि."

"साष्टांग नमस्कार. घालायचे का?"

साहेब हसले. रुएगो तसाच. शब्दशः विनवणी, प्रत्यक्षात पत्राचा रिवाज. इंग्रजीत तिथे नुसतं 'प्लीज' पुरतं. उलट, आम्हाला उद्देशून असलेली सगळी क्रियापदं 'उस्तेद'ची होती, म्हणजे आपल्या 'आपण'ची. इंग्रजीच्या एकट्या 'यू'मध्ये ते अंतर बुडून जातं. तू, तुम्ही, आपण असं तिपेडी बोलणाऱ्याला मात्र ते लगेच ऐकू येतं. तेव्हापासून मी आधी मनातल्या मनात मराठी करतो आणि मग इंग्रजी. मराठी करताना 'जमलंच तर' हा सूर आपोआप लागतो, कारण तो आपल्याकडे रोजचा आहे.

बोर्डावरची दुसरी शिफ्ट पुसली. मी सप्लायरला साध्या इंग्रजीत विचारलं: नक्की की बहुतेक? तारीख द्या. उत्तर सप्टेंबरात आलं, तारखेसकट. या वेळी खाली 'उन आब्रासो' होतं, म्हणजे एक मिठी. ओळख वाढली की तिकडे असं लिहितात. मी 'वॉर्म रिगार्ड्स' केलं. साहेबांनी प्रिंटवरचा मूळ शब्द बोटाने दाखवला. "हे काय?" मी सांगितलं. साहेब जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "मग डिस्काउंट मिळेल?"

मिळाला नाही. ऑक्टोबरात पंप आला. लाकडी खोक्यावर मोठ्या काळ्या अक्षरांत एकच शब्द, त्यांच्या भाषेतला. गेटवरच्या सिक्युरिटीने तो नीट जुळवून वाचला आणि मला फोन लावला.

"साहेब, ते स्पेनचं खोकं आलंय. त्यात काय भरलंय म्हणून लिहू?"

"खोक्यावर काय लिहिलंय?"

"बोंबा."

"मग तेच लिहा."

रजिस्टरमध्ये अजून ती नोंद आहे: बोंबा – १ नग. खाली साहेबांची सही.