वडिलांना आलेल्या आयकर नोटिशीला परदेशातून उत्तर देण्याची पद्धत

कारंजा लाड येथील निवृत्त शिक्षकाला आयकर खात्याची नोटीस आली, की ती आधी गुरुमंदिराच्या वाटेवर भेटणाऱ्या सर्वांना कळते आणि मग न्यू जर्सीतल्या मुलाला. मजकूर विचारल्यास वडील तो सांगत नाहीत. ‘आपण आजवर कोणाचा रुपया ठेवला नाही बाप्पा,’ एवढेच सांगतात. हे नोटिशीचे उत्तर नव्हे, तरी पूर्ण ऐकून घ्यावे. त्याशिवाय ईमेल पुढे पाठवला जात नाही.

नोटीस खरी आहे का, हे तिच्यावरील DIN क्रमांक आयकर पोर्टलवर टाकून पाहावे. त्यासाठी लॉगिन लागत नाही. जोडलेली फाईल लहान लिपीतला पॅन आणि त्याला लागून जन्मतारीख टाकली की उघडते. तारीख पॅनवरची हवी. ती पहिलीत नाव घालताना गुरुजींनी ठरवलेली असते; घरात वाढदिवस ज्या दिवशी होतो त्या तारखेने फाईल उघडत नाही.

उदाहरणादाखल 2024-25 या वर्षाची नोटीस घेऊ. कलम 139(9): विवरणपत्र सदोष. पेन्शन 4,80,000 रुपये दाखवली, बँकेने मुदतठेवीवर कापलेले 12,000 परत मागितले, पण ज्यावर ते कापले ते 1,20,000 व्याज दाखवलेच नाही. वडिलांचे म्हणणे, ठेव मुदतीआधी मोडायचीच नाही, मग व्याज हाती आले कुठे? बँक मात्र ते दरवर्षी जमा धरते आणि खात्याला कळवते.

आता नव्या पद्धतीने हिशेब करावा. पेन्शनमधून 75,000 प्रमाणित वजावट गेली, व्याज मिळवले, की उत्पन्न 5,25,000 होते. त्या वर्षी सात लाखांपर्यंत सवलत असल्याने कर शून्य. म्हणजे व्याज दाखवूनही 12,000 पूर्ण परत मिळतात. खात्याची तक्रार कराची नसून रकाना रिकामा ठेवल्याची आहे. हे वडिलांना दोनदा सांगावे; पहिल्यांदा ते पटत नाही.

`Pending Actions` मधील `e-Proceedings` येथे दोष मान्य करून दुरुस्त विवरणपत्र भरावे. मुदत 15 दिवसांची असते. ती चुकली आणि वाढवूनही घेतली नाही, तर मूळ विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाऊ शकते, आणि मग परताव्याचा प्रश्नच उरत नाही.

शेवटी आधारचा ओटीपी. न्यू जर्सीत हिवाळ्यात रात्रीचे नऊ वाजले, की कारंज्यात सकाळचे साडेसात झालेले असतात आणि वडील फिरायला गेलेले असतात. आधारला जोडलेला नंबर बटनांच्या फोनात असतो, व्हिडिओ कॉल दुसऱ्यावर चालतो. ओटीपी कोणालाही सांगू नये, असे बँकेने बजावलेले असल्याने तो मुलालाही मिळत नाही. आईला फोन द्यावा. आई आकडे वाचते, बहुधा आधीच्या संदेशातले. म्हणून संदेशाची वेळही वाचायला सांगावी.

पोच आल्यावर तिची छापील प्रत मागितली जाते. ती मेन रोडवरच्या झेरॉक्सवाल्याला पाठवावी. एप्रिल 2024 मध्येच वडिलांनी बँकेत फॉर्म 15H दिला असता, तर 12,000 कापलेच गेले नसते, हे त्याच फोनवर सांगू नये.