डिपस्टिक

इंजिनात ऑइल किती आहे हे सांगणारी डिपस्टिक म्हणजे धातूची एक लांब, लवचीक पट्टी. इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्ये तिचे टोक बुडालेले असते आणि वरच्या टोकाला बहुधा पिवळी किंवा नारिंगी कडी असते. बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्याने आत पाहणाऱ्या माणसाला निदान एक तरी वस्तू ओळखता यावी, अशी सोय त्या रंगाने होते. तपासणीला चाळीस सेकंद लागतात. बॉनेटची कळ शोधताना चुकून पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडले, तर तो वेळ वेगळा धरावा.

गाडी सपाट जागी उभी हवी. सोसायटीच्या उतारावर उभ्या गाडीत ऑइल एका बाजूला सरकते, आणि डिपस्टिक जे सांगते ते ऑइलबद्दल कमी आणि बिल्डरबद्दल जास्त असते. इंजिन बंद करून निदान पाच-दहा मिनिटे झालेली असावीत, कारण चालत्या इंजिनात वर खेळवलेले ऑइल चेंबरमध्ये परत उतरायला वेळ लागतो. काही कंपन्या गरम इंजिनावर मोजायला सांगतात, काही थंड. ते गाडीच्या पुस्तिकेत असते, आणि पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये, प्लास्टिकच्या पिशवीतून कधीही न काढलेल्या अवस्थेत.

पहिल्यांदा पट्टी बाहेर काढल्यावर जे दिसते त्यावर विश्वास ठेवू नये. गाडी चालताना उडालेले ऑइल पट्टीला आणि तिच्या नळीला वरपर्यंत लागलेले असते, त्यामुळे पहिले दर्शन नेहमीच भरल्या घरासारखे. पट्टी फडक्याने पुसावी, पूर्ण खाली बसेपर्यंत आत सारावी आणि पुन्हा काढावी. वाचायचे ते हे दुसरे. फडके धागे न सोडणारे हवे. जुना बनियन चालतो, मात्र तो खरोखर जुना आहे याबद्दल घरात एकमत असावे.

टोकाजवळ दोन खुणा असतात: कुठे ‘मिन’ आणि ‘मॅक्स’, कुठे ‘एल’ आणि ‘एच’, कुठे नुसती दोन भोके. ऑइलची रेघ या दोहोंच्या मध्ये असली की काम झाले. पट्टीच्या दोन बाजूंवर रेघ वेगवेगळ्या उंचीवर दिसली तर खालची खरी मानावी. माणूस सहसा वरची मानतो.

बऱ्याच गाड्यांत या दोन खुणांमधले अंतर सुमारे एक लिटर ऑइलचे असते. समजा, एखाद्या छोट्या पेट्रोल गाडीत रेघ नेमकी खालच्या खुणेवर आली. मग पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे अर्धा लिटर ऑइल बॉनेटखालच्या झाकणातून ओतावे, काही मिनिटे थांबावे आणि पुन्हा मोजावे. रेघ साधारण मधोमध येते. इथेच थांबणे शहाणपणाचे, पण डबा एक लिटरचा असतो आणि उरलेले ठेवायचे कुठे या काळजीने तो रिकामा केला जातो. मोजण्यात थोडीशी चूक झाली असेल तर पातळी वरच्या खुणेच्याही पलीकडे जाते. फार वर गेली की फिरता क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून त्याचा फेस करतो, आणि फेसाने वंगण नीट होत नाही. जास्तीचे ऑइल मग गॅरेजमध्ये पैसे देऊन काढून घ्यावे लागते.

ऑइल न ओतता पातळी वाढली तर आनंद मानू नये. डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर असलेल्या गाड्यांत हा प्रकार घडतो. फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते. शहरातल्या तुटक फेऱ्यांत ते जळणे अर्धवट राहते आणि थोडे डिझेल ऑइलमध्ये उतरते. पातळी चढते, ऑइल मात्र पातळ होते. अशा वेळी ते बदलावेच लागते.

रंगाने फार घाबरू नये. डिझेल गाडीचे ऑइल बदलल्यावर लवकरच काळे पडते, ते त्याचे कामच आहे. पट्टीवर दुधाळ, तपकिरी लगदा दिसला तर मात्र कूलंट ऑइलमध्ये शिरत असण्याची शक्यता असते. मग गाडी चालवत नव्हे, टो करून न्यावी. फक्त ऑइल भरण्याच्या झाकणाखाली तसला पातळ थर दिसला, तर तो थंडीतल्या छोट्या फेऱ्यांमुळे साचलेल्या बाष्पाचाही असू शकतो.

डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा असताना हा उद्योग कशाला, असे म्हणणारा वर्ग मोठा आहे. बहुतेक गाड्यांत तो दिवा ऑइलची पातळी मोजत नाही, दाब मोजतो. दाब पडतो तो ऑइल खालच्या खुणेच्याही बरेच खाली गेल्यावर, म्हणजे दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचे असते. काही नव्या महागड्या गाड्यांत डिपस्टिकच नसते, पातळी पडद्यावर दिसते. विजेवरच्या गाडीत इंजिन ऑइलच नसते, त्यामुळे तिथे शोधणाऱ्याचे चाळीस सेकंद वायाच जातात.